हदिया आणि परतफेडीचे ओझे
(आप्ताचे आभार मानून महागड्या भेटी थांबवण्याची विनंती कशी करावी?)



भेट देणे आणि भेट स्वीकारणे हा आपल्या धर्माने आपुलकी वाढवण्याचा मार्ग ठरवला आहे. एकमेकांना भेटी द्या, त्याने परस्परांविषयी प्रेम निर्माण होईल, या आशयाची हदीस इमाम बुखारी (रह.) यांनी ‘अल्-अदबुल मुफरद’ या ग्रंथात नोंदवली आहे. ह. आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित मुहम्मद (स.) हदिया स्वीकारत असत आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडूनही काही देत असत (बुखारी). ही हदीस आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मात्र याच विषयावरील आणखी दोन हदीस आपण तितक्या लक्षात ठेवत नाही. एकीत प्रेषितांनी (स.) श्रद्धावंत स्त्रियांना बजावले आहे की शेजारणीने बकरीचे खूर जरी पाठवले तरी त्याला क्षुल्लक लेखू नये. दुसरीत ते स्वतःविषयी सांगतात की कोणी मला बकरीच्या पायाचा साधा तुकडा भेट दिला तरी मी तो स्वीकारीन (दोन्ही बुखारी).

या दोन हदीसमध्ये भेटीचे जे माप दिसते ते लहान आहे. देणाऱ्याला ती देताना ओढाताण होऊ नये आणि घेणाऱ्याला घेताना संकोच वाटू नये, इतकी ती सहज असावी. असे असताना एखाद्या प्रेमळ आप्ताच्या भेटी आपल्या ऐपतीच्या कितीतरी पुढे जाऊ लागतात, त्यांची परतफेड कशी करावी या विचाराने घरात चिंता शिरते, आणि तरीही ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा धीर होत नाही. म्हणावे तर कृतघ्नता वाटते, न म्हणावे तर ओझे वाढते. या पेचातून सुटण्याचा मार्ग सुन्नतमध्ये आहे का, याचा विचार या लेखात करू.

भेटीचे कर्ज केव्हा होते?

सूरह रूमच्या ३९व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की लोकांच्या मालमत्तेत मिसळून वाढावे म्हणून तुम्ही जे देता ते अल्लाहपाशी वाढत नाही. या आयतीत ‘रिबा’ हा शब्द आला आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) आणि मुजाहिद, इक्रिमा, कतादा यांच्यासारख्या आरंभीच्या भाष्यकारांनी येथे त्याचा अर्थ असा घेतला की, अधिक परत मिळावे या अपेक्षेने दिलेली भेट. अशी भेट देणे निषिद्ध आहे असे त्यांचे म्हणणे नाही. व्यवहार म्हणून ती चालते, पण अल्लाहकडे तिचा मोबदला उरत नाही, कारण तिचा मोबदला माणसांकडून घ्यायचे आधीच ठरलेले असते.

हिशेबाची भेट कधी समाधान देत नाही याचे एक उदाहरण तिर्मिजीत आले आहे. एका बदवीने प्रेषितांना (स.) एक तरुण उंटीण भेट दिली. प्रेषितांनी (स.) तिच्या बदल्यात त्याला सहा उंटिणी दिल्या, तरीही तो नाराजच राहिला. एकास सहा देऊनही मन भरले नाही, कारण अपेक्षा सुरू झाली की तिला माप राहत नाही.

आपल्या देशात हीच गोष्ट रिवाजाच्या रूपाने आली. लग्नकार्यात कोणी किती दिले याची वही ठेवायची, आणि त्यांच्या घरच्या कार्यात तितके किंवा त्याहून थोडे जास्त परत करायचे, ही न्योत्याची पद्धत अनेक प्रांतांत रूढ होती. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी ‘इस्लाहुर्रुसूम’ या पुस्तकात अशा देण्याघेण्याला कर्जाचे रूप येते हे दाखवून त्याला विरोध केला. महाराष्ट्रातील मुस्लिम घरांत वही असो वा नसो, आहेराचा हिशेब मनात ठेवला जातोच.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. पुष्कळदा देणाऱ्याच्या मनात परतफेडीची अपेक्षा मुळीच नसते. तो निव्वळ प्रेमाने देत असतो. कर्ज निर्माण होते ते घेणाऱ्याच्या मनात. म्हणून परीक्षा देणाऱ्याच्या नियतीची घेऊ नये. ती अल्लाह जाणतो. परीक्षा आपल्या घराची घ्यावी, आणि तिच्या खुणा सोप्या आहेत. वस्तू हातात पडताच आनंदाच्या आधी तिची किंमत मनात येते का? पतिपत्नीत त्या रात्रीचे बोलणे ‘आता आपल्याला काय द्यावे लागेल’ यावर येऊन थांबते का? तो आप्त येणार असे कळले की भेटीची ओढ वाटण्याऐवजी धास्ती वाटते का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येत असतील, तर प्रेम वाढवण्यासाठी असलेल्या गोष्टीने प्रेमालाच अडवायला सुरुवात केली आहे असे समजावे.

एका घराचे उदाहरण

कोकणातील कुटुंबांत आखाती देशांत नोकरीला असलेला निदान एक आप्त असतोच, म्हणून उदाहरण तिकडचेच घेऊ. असे समजा की चिपळूणमध्ये एक कुटुंब राहते. पती एका खाजगी शाळेत कारकून असून त्याचा पगार २८,००० रुपये आहे. मुले दोन. पत्नीचे सर्वांत मोठे भाऊ दम्माममध्ये बऱ्या पगारावर आहेत. धाकट्या बहिणीवर त्यांचा फार जीव. वडील लवकर गेल्यामुळे तिला त्यांनीच वाढवले, तिचा निकाहही त्यांनीच लावून दिला.

भाईजान वर्षातून एकदा सुटीवर येतात आणि येताना बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने पाऊल टाकत नाहीत. एका वर्षी सर्वांना भारी कपडे आले. दुसऱ्या वर्षी कपडे धुण्याचे यंत्र आले. भाचा दहावी उत्तीर्ण झाला तेव्हा ३५,००० रुपयांचा मोबाइल आला. दर वेळी घरात आनंद झाला आणि दर वेळी त्या आनंदाखाली एक नोंद होत गेली.

मग भाईजानांच्या मुलीचा निकाह ठरला. त्यांनी काहीच मागितले नव्हते. तरी पतिपत्नींना वाटले की इतकी वर्षे घेतले, आता साधा आहेर घेऊन कसे जायचे? चार लोक काय म्हणतील? भाचीला सोन्याचे कानातले करायचे म्हणून पतीने पतसंस्थेतून ६०,००० रुपये काढले. महिन्याला सुमारे ५,४०० रुपये याप्रमाणे १२ हप्ते, म्हणजे घेतले त्याहून जवळजवळ ४,८०० रुपये अधिक भरायचे. पगाराचा पाचवा भाग वर्षभर त्यात जाऊ लागला, मुलीची शिकवणी बंद झाली, आणि ज्या व्याजापासून हे कुटुंब आजवर दूर राहिले होते ते एका प्रेमाच्या भेटीच्या वाटेने घरात आले.

पण सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नव्हते. पुढच्या वर्षी भाईजान सुटीवर आले तेव्हा बहीण मुलांच्या परीक्षेचे निमित्त करून माहेरी राहायला गेली नाही. गेली असती तर पुन्हा काहीतरी घेऊन परतावे लागले असते. नातेसंबंध जोडण्याची, सिला-रहमीची, जी आज्ञा अल्लाहने दिली आहे, ती भेटीच्या ओझ्याखाली दबली. भाईजानांना मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. बहीण का आली नाही या विचाराने त्यांनी जाताना भाच्याच्या हातात पाकीट ठेवले. दुरावा भरून काढण्यासाठी त्यांच्यापाशी तीच एक रीत होती.

अशा वेळी गप्प राहणे हा सभ्यपणा वाटतो, परंतु गप्प राहिल्याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते. देणाऱ्याचा पैसा जातो आणि बहीणही दुरावते.

सुन्नतमधील दोन प्रसंग

भेट स्वीकारणे ही सुन्नत आहे, तर मग ती नको म्हणणे सुन्नतच्या विरुद्ध होणार नाही का? या शंकेचे उत्तर दोन प्रसंगांत मिळते.

पहिला प्रसंग ह. सअब बिन जस्सामा (रजि.) यांचा आहे. प्रेषित (स.) मक्केकडे जात असताना ‘अबवा’ किंवा ‘वद्दान’ येथे सअब (रजि.) यांनी त्यांना शिकार केलेले रानगाढव भेट म्हणून आणून दिले. प्रेषितांनी (स.) ते परत केले. सअब (रजि.) यांचा चेहरा उतरला. प्रेषितांच्या (स.) ते लक्षात आले आणि त्यांनी लगेच खुलासा केला की आम्ही इहराममध्ये आहोत, एवढ्याच कारणाने हे परत केले आहे (बुखारी, मुस्लिम).

या छोट्या प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भेट परत होऊ शकते, म्हणजे नाकारणे मुळात दोष नाही. पण परत केल्यावर प्रेषितांनी (स.) समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि त्यांनी जे कारण सांगितले ते भेटीचे वैगुण्य नव्हते, देणाऱ्याचे तर नव्हतेच. ते त्यांच्या स्वतःच्या स्थितीचे होते आणि ते खरे होते.

दुसरा प्रसंग ह. अबू जहम (रजि.) यांच्या चादरीचा आहे, आणि तो आपल्या विषयाच्या अधिकच जवळ येतो. अबू जहम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) नक्षीची एक चादर भेट दिली होती. ती पांघरून प्रेषितांनी (स.) नमाज अदा केली. नमाजमध्ये त्यांची नजर नक्षीकडे गेली. नमाज संपल्यावर त्यांनी सांगितले की ही चादर अबू जहमकडे परत न्या आणि त्याच्याकडून त्याची साधी, बिननक्षीची जाड चादर माझ्यासाठी घेऊन या, कारण या नक्षीने नमाजमधून माझे लक्ष वेधले. ह. आयेशा (रजि.) यांनी हा प्रसंग कथन केला आहे (बुखारी, मुस्लिम).

चादर परत करायची होती तर ती नुसती परत करता आली असती. साधी चादर का मागवली? हदीसचे भाष्यकार इब्ने बत्ताल (रह.) यांनी याचे कारण दिले आहे. आपली भेट तुच्छ लेखून परत पाठवली असे अबू जहम (रजि.) यांना वाटू नये, म्हणून त्यांच्याकडूनच दुसरे वस्त्र मागितले.

येथे आपल्या पेचाची गाठ सुटते. भारी वस्तू परत गेली, तिच्या जागी साधी वस्तू आली, आणि देणाऱ्याचे देण्याचे स्थान कायम राहिले. त्याच्या हातून काहीतरी घेतले गेलेच. आप्ताला ‘काही आणू नका’ एवढेच सांगितले तर त्याचे प्रेम व्यक्त करण्याचे दार आपण बंद करतो. ‘ते नको, हे आणा’ असे सांगितले तर दार उघडे राहते, फक्त त्याची उंची आपल्या घराला शोभेल इतकी होते.

विनंती कशी करावी?

चिपळूणच्या त्या घराकडे पुन्हा वळू. विनंती कोणी करावी हे आधी ठरवले पाहिजे. ज्याचे रक्ताचे नाते आहे त्यानेच बोलावे. येथे बहिणीने बोलावे, तिच्या पतीने नव्हे. मेहुण्याच्या तोंडून तीच गोष्ट आली तर त्यात मानापमानाचा वास येतो. आईला मध्यस्थ करणेही टाळावे. निरोप तोंड बदलला की बदलतो, आणि ‘तुझ्या बहिणीला तुझे देणे जड झाले’ असे रूप घेऊन पोहोचतो.

वेळ भेट देण्याच्या क्षणाची नसावी. वस्तू समोर असताना नको म्हटले की सअब (रजि.) यांचा चेहरा उतरला तसा भाईजानांचाही उतरेल, आणि खरेदी झालेली असल्यामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नसेल. सुटीवर येण्याच्या महिना-दीड महिना आधी, खरेदी सुरू होण्यापूर्वी, दोघेच बोलत असताना विषय काढावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, इतर भावंडांसमोर किंवा ईदच्या दिवशी तो काढू नये.

आरंभ आभाराने व्हावा, आणि आभार मोघम नसावेत. जो लोकांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. ‘तुम्ही आमच्यासाठी खूप केले’ हे वाक्य कोणालाही म्हणता येते. जी वस्तू दिली तिचा घरात काय उपयोग झाला हे सांगितले की देणाऱ्याला आपले देणे पोहोचल्याची खात्री पटते. त्यानंतर खरे कारण, तेही आपल्या बाजूचे. आणि शेवटी पर्यायी मागणी. बहिणीचे बोलणे साधारण असे होईल:

“भाईजान, तुम्ही मुलाला जो मोबाइल दिलात, त्यावर तो रोज रात्री अकरावीचे धडे ऐकतो. कोणी विचारले की अभिमानाने सांगतो, मामूंनी दिला. मशीन आल्यापासून माझी पाठदुखी कमी झाली. जजाकल्लाहु खैरन, भाईजान. अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. एक विनंती मात्र आहे, आणि ती मी तुमच्यापाशीच करू शकते. आमची मिळकत तुम्हाला ठाऊक आहे. एवढ्या मोलाची वस्तू घरात आली की आम्हा दोघांना तिच्या परतफेडीची चिंता लागते. तुम्ही कधीच काही मागितले नाही, हे मी जाणते. ही आमच्या मनाची गोष्ट आहे. पण तिच्यामुळे मला तुमच्याकडे मोकळ्या मनाने येता येत नाही. म्हणून यापुढे भारी वस्तू आणू नका. या खेपेला खजुराचा एक डबा आणा, आणि एक दिवस मुलांना घेऊन गुहागरच्या समुद्रावर जा. अब्बांच्या गोष्टी त्यांना तुमच्याइतक्या कोणी सांगू शकत नाही.”

या बोलण्यात खजूर आणि समुद्रावरचा एक दिवस यांनी साध्या चादरीचे काम केले आहे. मागणी अशी असावी की ती खरोखर हवी असेल, आणि ती त्याच माणसाकडून मिळण्यासारखी असेल.

या बोलण्यात पतसंस्थेच्या कर्जाचा उल्लेख नाही, हेही लक्षात यावे. खरे बोलणे आवश्यक आहे, सर्व सांगणे आवश्यक नाही. कर्जाचा आकडा सांगितला तर भाईजान ते कर्ज फेडायला निघतील, आणि विनंती मागणीत बदलेल. शिवाय आपल्या हातून घडलेल्या व्याजाच्या व्यवहाराची वाच्यता करण्यापेक्षा तो लवकर मिटवून तौबा करणे अधिक योग्य. मात्र खोटे कारण देऊ नये. ‘आमच्याकडे हे आधीच आहे’ किंवा ‘मुलांना आवडत नाही’ अशी सबब सांगितली तर पुढच्या वेळी त्याहून वेगळी आणि बहुधा त्याहून महाग वस्तू येते. त्याचप्रमाणे ‘हे धर्मात बसत नाही’ असेही म्हणू नये. भाईजानांची भेट हलाल आहे, तिच्यात त्यांची नियत शुद्ध आहे. आपल्या अडचणीला फतव्याचे रूप देणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

सूरह बनी इस्राईलमध्ये आप्तांचा हक्क देण्याची आज्ञा आणि उधळपट्टीचा निषेध एकापाठोपाठ आले आहेत. त्यानंतर, देण्यासारखे काही जवळ नसेल आणि आप्तांकडे पाठ फिरवावी लागत असेल तर त्यांच्याशी मृदू शब्दांत बोलावे, असा आदेश आहे (आयती २६ ते २८). हा आदेश देणाऱ्याच्या हाताविषयी आहे. पण ज्याला परतफेड करणे जमत नाही त्यालाही तो मार्ग दाखवतो. जेथे हात पोहोचत नाही तेथे मऊ शब्द पोहोचवावा.

विनंतीनंतर काय घडते?

पहिल्या बोलण्यातच सर्व सुरळीत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. भाईजान बहुधा म्हणतील, “म्हणजे आता मी परका झालो का?” या प्रश्नाला तर्काने उत्तर देऊ नये. ते दुखावले आहेत, त्यांना खात्री हवी आहे. “परक्याला हे सांगता आले असते का? तुम्ही अब्बांच्या जागी आहात म्हणून सांगितले” एवढे पुरे. दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करून दुसऱ्याच विषयावर बोलावे, म्हणजे नाते जसेच्या तसे आहे हे शब्दांशिवाय कळते.

कदाचित ऐकूनही ते पुन्हा मोठी वस्तू घेऊन येतील. तेव्हा ती दारातून परत पाठवू नये. प्रेमाने स्वीकारावी, आभार मानावेत, आणि काही दिवसांनी एकांतात विनंतीची आठवण द्यावी. यापूर्वी आलेल्या वस्तूही परत करायला निघू नये. त्या वस्तूंविषयी विनंती नाही. ती पुढच्या वेळेसाठी आहे.

मग परतफेडीचे काय? बहुतेक घरांत खरी अडचण येथेच असते, आणि येथेच प्रेषितांची (स.) शिकवण फार मोकळे करणारी आहे. अबू दाऊदमधील हदीसचा आशय असा की, जो तुमच्यावर उपकार करील त्याची परतफेड करा, आणि परतफेडीसाठी काही सापडले नाही तर त्याच्यासाठी इतकी दुआ करा की परतफेड झाली असे तुम्हाला वाटावे. तिर्मिजीतील दुसऱ्या हदीसनुसार ज्याने उपकारकर्त्याला ‘जजाकल्लाहु खैरन’ म्हटले त्याने आभाराची पराकाष्ठा केली. म्हणजे परतफेडीचे माप भेटीच्या किमतीवर नाही. ते आपल्या ऐपतीवर आहे, आणि जेथे ऐपत संपते तेथे दुआ सुरू होते. त्या पतिपत्नीने भाचीच्या निकाहात ऐपतीप्रमाणे दोन हजारांचा आहेर दिला असता आणि मनापासून दुआ केली असती, तर सुन्नतनुसार त्यांच्यावर काहीच बाकी राहिले नसते. सोन्याचे कानातले त्यांनी धर्मासाठी केले नाहीत, भाईजानांसाठीही नाहीत. ते ‘चार लोकांसाठी’ केले.

म्हणून विनंतीबरोबर आपली बाजूही बदलली पाहिजे. भाईजानांना ‘भारी वस्तू नको’ सांगायचे आणि त्यांच्या घरच्या पुढच्या कार्यात पुन्हा ऐपतीबाहेरचा आहेर न्यायचा, असे केले तर विनंतीतले कारण खोटे ठरते. घरचे लोणचे, नातवासाठी हाताने शिवलेले दुपटे, आजारपणात केलेली सेवा, अशी लहान पण वेळेवरची भेट आपल्याकडून जात राहिली की भेटीचे नवे माप दोन्ही घरांना आपोआप कळते.

मर्यादा

ही विनंती सर्वत्र लागू करू नये. एखादा आप्त मुलाची शाळेची फी भरत असेल किंवा आजाऱ्याचे औषध आणून देत असेल, आणि घराला त्याची खरोखर गरज असेल, तर ती सन्मानाने स्वीकारावी. गरजू आप्ताला दिलेल्या दानात सदका आणि सिला-रहमी असे दोन्ही पुण्य आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (तिर्मिजी, नसाई). आपल्या संकोचासाठी मुलाचे शिक्षण थांबवणे आणि आप्ताला त्या दुहेरी पुण्यापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे.

याउलट जो आप्त दिल्यानंतर ते वारंवार बोलून दाखवतो आणि दिल्याच्या जोरावर घरातल्या निर्णयांत अधिकार गाजवतो, त्याच्याबाबतीत विनंती पुरेशी होत नाही. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, असे अल्लाहने सूरह बकरहच्या २६४व्या आयतीत श्रद्धावंतांना बजावले आहे. अशा माणसाकडून घेणे हळूहळू थांबवावे, पण सलाम, विचारपूस आणि येणेजाणे चालू ठेवावे. भेट थांबली म्हणून नाते थांबू नये.

आणि जे देण्याच्या बाजूला आहेत, त्यांनीही आपल्या हाताकडे एकदा पाहावे. आपली भेट गेल्यानंतर त्या घरातून येणेजाणे वाढले की कमी झाले? धाकटी भावंडे आपल्यासमोर पूर्वीसारखी हसतात, भांडतात, की अदबीने गप्प बसतात? ज्याच्या येण्याने बहिणीला हिशेब आठवतो त्याने पुढच्या खेपेला हात थोडा आखडता घ्यावा आणि मुक्काम एक दिवसाने वाढवावा. अल्लाह आपल्या देण्याघेण्यात सहजता देवो आणि आपली नाती जोडलेली ठेवो. आमीन.